बावन्न सेकंदांची खरखर

*माझी मोठी आत्या वाईला एकटी राहते. वय 79. व्हॉट्सॲपवर ती रोज सकाळी फुलं पाठवते, बाकी काही नाही. मागच्या मंगळवारी संध्याकाळी सात-सव्वासातला तिच्याकडून 52 सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. आजवर तिनं एकही पाठवला नव्हता. ऐकला, तर नुसती खरखर आणि लांबून टीव्हीचा आवाज. त्याच्या वर माझ्या मुलीचा फोटो आहे, पुढचे दोन दात पडलेला, मी रविवारी पाठवलेला. बुधवारपासून फुलं पुन्हा नेहमीसारखी येताहेत, म्हणजे ती ठीक आहे. पण मी अजून उत्तर दिलेलं नाही. "चुकून आला" म्हटलं तर ती ओशाळेल. मागे एकदा तिच्याकडून चुकून व्हिडीओ कॉल लागला, घरातले सगळे हसले, आणि तिनं आठवडाभर फोनला हात लावला नाही. गप्प बसलो तर तिला वाटेल, याला वेळ नाही. काय लिहू?*
*— एक भाचा, डोंबिवली*

उत्तर लिहिण्याआधी तो मेसेज अजून एकदा ऐका. या वेळी कानात इअरफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून, लोकलमध्ये नाही तर घरी, पंखा बंद करून. तुम्ही एकदा ऐकून "काही नाही" असं ठरवलंत. त्यात बरंच काही असतं.

फोनचा माइक खालच्या कडेला असतो, चार्जरची पिन खुपसतो त्याच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढं भोक. फोन हातात धरला की करंगळी किंवा तळहाताची गादी नेमकी तिथं येते. कातडं किंवा कापड त्या भोकावर घासलं की आपल्याला ऐकू येते ती खरखर. ती चालण्याच्या ठेक्यात, एकदा जोरात एकदा हळू अशी येत असेल, तर फोन हातात किंवा पदराआड होता आणि आत्या घरात फिरत होत्या. ठेका नसेल, मधूनच येत असेल, तर त्या बसलेल्या होत्या आणि फोन हातातल्या हातात सरकत होता. सुरुवातीला खरखर, मग शांतता, शेवटी पुन्हा खरखर असेल, तर फोन मध्ये कुठंतरी ठेवला गेला आणि परत उचलला गेला.

आणि तो लांबचा टीव्ही. तो लांब असेलच असं नाही. बोटानं किंवा कापडानं माइक झाकला गेला की आवाजातले बारीक, टोकदार सूर अडतात आणि जाड तेवढे आत येतात. शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून टीव्ही ऐकू येतो ना, शब्द कळत नाहीत पण माणूस बोलतंय एवढं कळतं, तसं होतं. म्हणजे टीव्ही आत्यांच्या पुढ्यातच असू शकतो, आणि सात-सव्वासात म्हणजे बहुतेक बातम्या. तुमच्या डोळ्यांसमोर रिकाम्या घरात कुठंतरी पडलेला फोन आला असेल, तर तो काढून टाका. आत्या खुर्चीत बसल्या आहेत, समोर बातम्या चालू आहेत आणि फोन हातात आहे, असं चित्र जास्त जुळतं.

आता हा मेसेज गेला कसा ते बघू, कारण तुमचं उत्तर त्यावर ठरणार आहे. व्हॉट्सॲपमध्ये लिहायची पट्टी रिकामी असली की तिच्या उजव्या टोकाला माइकचं गोल बटण असतं. एक अक्षर टाइप केलं की त्याच जागी पाठवायचा बाण येतो. माइकला नुसता स्पर्श केला तर काही होत नाही, "दाबून धरा" अशी सूचना दिसते. दाबून धरला की रेकॉर्डिंग सुरू होतं, बोट उचललं की मेसेज गेला. पण 52 सेकंद एक अंगठा एका जागी नकळत दाबलेला राहणं कठीण. म्हणून माझा अंदाज असा: अंगठा दाबला गेला आणि जरासा वर सरकला. तसं झालं की रेकॉर्डिंगला कुलूप लागतं, म्हणजे बोट उचललं तरी ते चालू राहतं. आणि मग जिथं माइक होता साधारण तिथंच पाठवायचा बाण येऊन बसतो. अंगठा पुन्हा तिथं टेकला की झालं. उजव्या हातात फोन धरणाऱ्या माणसाचा अंगठा विसावतो तो नेमका त्याच कोपऱ्यात.

यातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. फोन खिशात असताना कुणालातरी कॉल लागतो, त्यातला हा प्रकार नाही. त्या बटणापर्यंत पोचायचं तर फोन उघडलेला हवा, व्हॉट्सॲप उघडलेलं हवं, आणि त्यात तुमच्याच नावाचं पान उघडलेलं हवं. मेसेज चुकून गेला हे खरं, पण संध्याकाळी सातला तुमचं पान त्यांच्या हातात उघडं होतं. फुलं त्या सकाळी पाठवतात. सकाळचं पान दिवसभर तसंच राहून गेलं असेल, हेही शक्य आहे. पण त्या फुलं एकट्या तुम्हाला पाठवत नसणार, निदान चार जणांना तरी जात असतील. मग सगळ्यांत शेवटी उघडं राहिलेलं पान नेमकं तुमचंच, आणि त्या पानावर दात पडलेल्या नातीचा फोटो. मला विचाराल तर त्या बातम्या ऐकता ऐकता तो फोटो बघत होत्या. बोटांनी मोठा करून बघितला असेल, मागे आल्या असतील, काही लिहावं का असा विचार करत असतील. एकोणऐंशीव्या वर्षी मराठी टाइप करायचं म्हणजे जोडाक्षराशी झटापट, हे तुम्हाला माहीत आहे.

हा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण उत्तर या अंदाजावर बेतलं तर काही बिघडत नाही. अंदाज चुकला तरी नातीच्या दातांबद्दल बोलणं होईल.

काळजीचं म्हणाल, तर तो मुद्दा बुधवारच्या फुलांनीच मिटवला. मात्र हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. एकट्या राहणाऱ्या माणसाकडून असा आवाज आला आणि त्यानंतर त्याची नेहमीची खूण दिसली नाही, तर मेसेजला मेसेजनं उत्तर देत बसू नका. सरळ फोन लावा. उचलला नाही तर शेजाऱ्यांना लावा आणि त्यांना दार वाजवायला सांगा. शेजाऱ्यांचा नंबर तुमच्याकडे नसेल तर आजच घेऊन ठेवा. दार उघडलं नाही तर 112. यात ओशाळण्यासारखं काही नाही.

आता उत्तर. आधी काय नको ते.

"आत्या, काही ऐकू आलं नाही, परत पाठव" हे नको. हे सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं आणि सगळ्यांत जास्त त्रास यानंच होतो. आपण काही पाठवलंय हेच त्यांना माहीत नाही. त्या शोधायला लागतील, त्यांच्या बाजूला हिरव्या चौकटीत तो मेसेज दिसेल, त्यावर बोट ठेवतील आणि स्वतःच्याच घरातला टीव्ही ऐकू येईल. मग पुढचा विचार काय, हे मी माझ्या मामांच्या तोंडून ऐकलं आहे: "अगं, आपलं बोलणं कुणी टेप करतंय की काय?" आपणच या लोकांना गेली काही वर्षं सांगतोय की लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, कुणी पोलीस म्हणून फोन केला तर ठेवून द्या. फोनमध्ये आपण न सांगता काही घडलं की त्यांच्या मनात पहिलं बँकेचं खातं येतं. मामांनी तर दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. आपण हसलो, त्यांनी एक रात्र घालवली होती.

नुसतं प्रश्नचिन्ह नको. हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड नको, व्हिडीओ कॉलच्या वेळचं हसणं त्या विसरलेल्या नाहीत. आणि तो मेसेज "आत्याची गंमत" म्हणून घरच्या ग्रुपवर तर मुळीच नको. त्यात पुढे कुठंतरी त्या शेजारणीशी बोलल्या असतील, फोनवर दुखण्याचं सांगत असतील, तर ते तुम्हाला ऐकवायचं म्हणून त्या बोललेल्या नाहीत.

मग मेसेजचा उल्लेखच टाळावा का? मी काही दिवस असंच म्हणायचे. आता म्हणत नाही. तो त्यांच्या फोनवर कायम दिसत राहणार आहे, आणि तुम्ही ऐकलात हेही दिसतं: ऐकला की त्यांच्याकडे मेसेजशेजारचा छोटा माइक निळा होतो. निळ्या टिका बंद करता येतात, हा निळा माइक बंद करता येत नाही. आज ना उद्या त्यांच्या, किंवा त्यांना फोन शिकवणाऱ्या शेजारच्या मुलाच्या, नजरेला तो पडेल. तेव्हा त्यांना एकटीनं ओशाळायला लावण्यापेक्षा तुम्हीच सहज सांगून टाकलेलं बरं. फक्त ते पहिल्या दोन वाक्यांत सांगून संपवायचं आणि लगेच पुढे जायचं.

लिहू नका, बोला. वीस-पंचवीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. बोलताना शब्दांमध्ये जरा जागा सोडा, आणि तुमच्या मागे टीव्ही नको. मेसेज चालू करून फोन कानाला लावला की आवाज कॉलसारखा कानातल्या स्पीकरमधून येतो, हे त्यांना माहीत नसेल तर पुढे कधीतरी सांगा. मोठ्या स्पीकरच्या भसाड्या आवाजापेक्षा म्हाताऱ्या माणसांना ते सोपं जातं. (मेसेज चालू असताना बाजूला वेगाचा आकडा येतो, त्याला हात लागला की दीडपट वेग. मामांचा लागला होता. त्यांनी मला विचारलं, "एवढी घाईत का बोलतेस, रिक्षा थांबलीये का खाली?")

मी तुमच्या जागी असते तर साधारण असं बोलले असते:

"आत्या, मी बोलतोय. मागच्या आठवड्यात तुझ्या फोनवरून मला एक मेसेज आला. बोलली नव्हतीस, नुसता टीव्ही ऐकू येत होता. बातम्या लावल्या होत्यास वाटतं. बटण दाबलं गेलं असेल, माझ्याकडूनही होतं. फोनला काही झालेलं नाही, तू काही करायचं नाहीस. ऐकताना तुझ्या बाहेरच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. बरं, चिऊचा फोटो बघितलास का? दोन्ही दात एका आठवड्यात पडले. आम्ही लहानपणी पडलेला दात कौलावर टाकायचो ते तिला सांगितलं, तर म्हणते, आपल्या बिल्डिंगला कौल कुठंय. रविवारी सकाळी अकराला फोन करतो, तूच तिला समजाव."

कौलांचं तुमच्याकडे नसेल, दात तुळशीत पुरत असाल किंवा उंदराच्या बिळात टाकत असाल, तर ते घाला. मुलीचं घरातलं नाव घाला. ऐकताना वाईच्या घरात बसल्यासारखं खरंच वाटलं नसेल, तर ते वाक्य गाळा. आत्यांना भाच्याचा खोटा आवाज ओळखता येतो. "माझ्याकडूनही होतं" हेही खरं असेल तरच.

यात काही गोष्टी मी मुद्दाम केल्या आहेत. "चुकून" आणि "चूक" हे शब्द टाळले आहेत. "तू पाठवलास" च्या जागी "तुझ्या फोनवरून आला" आणि "बटण दाबलं गेलं" म्हटलं आहे. मराठीत कुणाचंही नाव न घेता काम झाल्याचं सांगायची ही फार चांगली सोय आहे, कप फुटला की आपण ती रोज वापरतो. "फोनला काही झालेलं नाही" हे वाक्य बँकेच्या भीतीसाठी. "तू काही करायचं नाहीस" हे त्याहून महत्त्वाचं, कारण ओशाळलेलं माणूस आधी पुसायला धावतं. आणि शेवटचा प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर टाइप करावं लागू नये. रविवारपर्यंत त्यांच्याकडे त्यावर बोलायला भरपूर जमेल.

पुसण्याचं एवढंच. पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकता येतो, पण साधारण अडीच दिवसांच्या आत. तुमचा मंगळवार कधीच मागे पडला. आता आत्यांनी पुसला तर फक्त त्यांच्या फोनवरून जाईल, तुमच्याकडे राहील, आणि त्यांना मात्र वाटेल की दोन्हीकडून गेला. उद्या त्यांनी स्वतःहून "तो काढून टाक रे" म्हटलं, तर तुमच्या बाजूनं काढा आणि काढला म्हणून सांगा. वाद घालू नका.

पुढच्या वेळी वाईला जाल तेव्हा फोन हातात घेऊन शिकवायला बसू नका. आधी शेजारी बसून त्या फोन कसा धरतात ते बघा. अंगठा कोपऱ्यात असेल तर मागे बोट अडकवायची कडी चिकटवून मिळते, तीस-चाळीस रुपयांचं काम, धरायची पद्धत आपोआप बदलते. स्क्रीन किती वेळानं बंद होते तेही बघा. आत्यांना वाचायला वेळ मिळावा म्हणून कुणीतरी भल्या मनानं ती दहा मिनिटांवर ठेवलेली असते, मग फोन मांडीवर उघडाच राहतो. दोन मिनिटं पुरतात. एक मात्र करू नका: व्हॉट्सॲपची माइकची परवानगीच काढून टाकायची. हा उपाय सुचवणारे हुशार लोक प्रत्येक घरात असतात. कॉललाही तोच माइक लागतो. माझ्या ओळखीच्या एका मुलानं हे केलं आणि नंतर पंधरा दिवस आईला व्हॉट्सॲपवर बोलता येईना म्हणून तिच्या नेटवर्कला शिव्या देत होता.

त्यांना स्वतःलाच व्हॉइस मेसेज शिकायचा असेल, तर शिकवा. जोडाक्षरांपेक्षा सोपा आहे. सरावासाठी व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्याच नंबरावर मेसेज पाठवायची सोय आहे. ते पान उघडून द्या. तिथं काहीही बोललं तरी कुणाकडे जात नाही. आधी पाठवणं शिकवू नका, आधी रद्द करणं शिकवा: माइक दाबून धरायचा, दोन शब्द बोलायचे, आणि बोट न उचलता डावीकडे सरकवायचं. रेकॉर्डिंग कचऱ्याच्या डब्यात जातं. हे पाच-सहा वेळा झालं की त्या स्वतःच हसायला लागतील. बोट उचलून पाठवणं त्यानंतर. वर सरकून कुलूप लागतं तेही एकदा मुद्दाम होऊ द्या, म्हणजे स्क्रीनवर तो डबा आणि बाण दिसला की काय चाललंय ते कळेल. बोटं कोरडी पडलेली असली तर स्पर्श नीट लागत नाही आणि मग माणूस उगाच जास्त दाबतं. अशा वेळी हात पुसून थोडं क्रीम चोळलं की फरक पडतो.

एवढं सगळं जमलंच नाही तरी आजचा मेसेज आजच पाठवा. आणि रविवारी अकरा म्हणालात तर अकरालाच फोन करा. वाईला पावणेअकरापासून त्या फोन मांडीवर घेऊन बसलेल्या असतील, अंगठा त्याच कोपऱ्यात. तेवढ्यात आणखी एक खरखर आलीच, तर ती नंतर ऐका, आधी फोन लावा.